चिऊ-काऊची गोष्ट चार मिनिटांच्या ॲनिमेशनमध्ये बसवताना

प्रश्न: आमच्या गटाला ४ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी चिऊ-काऊच्या गोष्टीवर चार मिनिटांची ॲनिमेशन फिल्म करायची आहे. बोध स्पष्ट कळला पाहिजे, अशी अट आहे. आमच्या घरी सांगतात त्या गोष्टीत शेवटी कावळा तव्यावर पोळतो. ते ठेवायचं का? आणि पटकथा लिहायला नेमकी कुठून सुरुवात करायची?

उत्तर:

तव्याचा प्रश्न आधी सोडवू, कारण बाकीची पटकथा त्यावरच उभी राहते. माझं मत विचाराल तर तवा काढा. मुलं घाबरतील म्हणून काढा, असं मी म्हणत नाही. लहान मुलांना गोष्टीतली भीती चांगली पेलते. अडचण अशी की या शेवटात शिक्षा चुकीच्या पात्राला होते. पावसात घर वाहून गेलेला काऊ दाराशी कुडकुडत उभा आहे, चिऊ त्याला ताटकळत ठेवते, आणि पोळतो मात्र काऊच. आजीच्या मांडीवर हे खपून जातं, कारण तिथे आजीचा आवाज असतो, तिचं हसू असतं आणि ‘झाली गोष्ट, झोपा आता’ असतं. पडद्यावर चटका दिसतो. त्या चटक्यातून मूल एकच अर्थ काढतं: ज्याचं घर पडलं त्याचंच काहीतरी चुकलं असणार.

गोष्ट बदलल्याचं दडपण घेऊ नका. ही गोष्ट घराघरांत वेगवेगळ्या तऱ्हेने सांगतात. कुठे काऊ पोळतो, कुठे तो आत येऊन चिऊचं खाणं फस्त करतो, कुठे दार उघडल्यावर गोष्ट संपते. सगळीकडे सारख्या राहतात त्या चार गोष्टी: शेणाचं घर नि मेणाचं घर, पाऊस, ‘चिऊताई चिऊताई दार उघड’ ही हाक, आणि बाळाच्या कामांची यादी. या चारांना हात लावला नाही तर ‘ही आपलीच गोष्ट’ असं आईवडलांनाही वाटतं. बाकी सगळं हलवता येतं.

आता बोध. या गोष्टीत दोन बोध एकमेकांचे पाय ओढतात. एक म्हणतो, घर पक्कं बांधावं. दुसरा म्हणतो, अडलेल्याला दाराबाहेर ताटकळत ठेवू नये. दोन्ही ठेवलेत तर एकही पोचणार नाही, कारण पहिला काऊला दोष देतो आणि दुसरा चिऊला. मी दुसरा निवडीन, आणि त्याला ठोस कारण आहे. तुमची फिल्म बघणाऱ्यांत कच्च्या घरात राहणारी, शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसून जेवणारी मुलंही असतील. ‘शेणाचं घर म्हणजे आळशाचं घर’ असं त्यांना ऐकवायचा आपल्याला काही अधिकार नाही.

बोध पटकथेच्या आधी, स्वतःपुरता, एका वाक्यात लिहा: ‘अडलेल्याला दाराबाहेर ताटकळत ठेवू नये.’ वाक्यात ‘आणि’ आला तर समजा, दोन फिल्म एकात कोंबल्या जात आहेत. वाक्यात क्रियापद असं हवं की जे चितारता येईल. ‘दयाळू असावं’ चितारता येत नाही. दार उघडणं आणि न उघडणं चितारता येतं. हे वाक्य फिल्ममध्ये कुणीही उच्चारायचं नाही. तात्पर्य सांगणारा आवाज शेवटी जोडावासा वाटला, तर पटकथेत कुठेतरी दार नीट उघडलेलं नाही, असं समजून मागे जा. अट घालणाऱ्यांना ते वाक्य लेखी हवंच असेल तर शिक्षकांच्या माहितीपत्रकात द्या.

एका धोक्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. आपण चार-पाच वर्षांच्या मुलाला दाखवतो आहोत की रात्री कुणी दार ठोठावलं तर उघडावं. घरोघरी आईवडील याच्या बरोबर उलट शिकवतात, आणि तेच बरोबर आहे. म्हणून तीन गोष्टी पटकथेतच पक्क्या करा. काऊ हा ओळखीचा शेजारी आहे, हे पहिल्या २५ सेकंदांत दिसलं पाहिजे: दोघांची घरं एकाच झाडावर, सकाळी काऊ बाळाला पिकलेलं उंबर आणून देतो, बाळ त्याला ‘काऊदादा’ म्हणतं. दुसरं, दार उघडायचा निर्णय नेहमी मोठ्यांचा, बाळाचा नाही. तिसरं, चिऊ आधी खिडकीतून बघते, ओळखते आणि मग कडीला हात घालते. खिडकीचा शॉट दोन सेकंदांचाच आहे, पण तो गाळू नका.

खरे कावळे चिमण्यांची अंडी-पिल्लं पळवतात, मग चिऊची भीती का दाखवू नये, असा मुद्दा निघेल. ती दाखवलीत की फिल्म ‘कुणावर विश्वास ठेवावा’ या विषयाची होते. तो चांगला विषय आहे, पण त्याला वेगळी पटकथा हवी. इथे काऊ निर्विवाद भला असू द्या.

तवा काढला की शेवट रिकामा राहतो. तिथे काय घालायचं ते गोष्टीनेच आपल्याला देऊन ठेवलं आहे. मेण पावसात टिकतं, पण उन्हात? मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, पण त्याच्या कितीतरी आधी मऊ पडून वाकायला लागतं. शेणमातीचं घर मात्र उन्हात गार राहतं. म्हणजे पावसाळ्यात काऊ अडला, तर उन्हाळ्यात चिऊ अडणार. हाक तीच, फक्त उलटी: ‘काऊदादा काऊदादा दार उघड.’ हे बाहेरून चिकटवलेलं नाही. शेण आणि मेण या दोन शब्दांत ते पहिल्या ओळीपासून दडलेलं आहे.

इथे मात्र एक खड्डा आहे. ‘तू मला मदत केलीस म्हणून मी तुला करतो’ असा व्यवहार दिसला तर बोध घसरतो. त्यामुळे काऊसमोर खरी निवड ठेवा. चिऊ हाक मारते, काऊ चोच उघडतो, ‘थां…’ म्हणतो आणि थांबतो. बघणाऱ्या प्रत्येक मुलाला वाटतं, आता हाही तसंच करणार. दोन सेकंद काहीही हलत नाही, फक्त काऊचे डोळे चिऊच्या पंखाखाली मान टाकलेल्या बाळाकडे जातात. मग दार सताड उघडतं. ‘थांब’ हा अख्ख्या फिल्मचा खटका आहे. तो पहिल्या भागात चार वेळा पूर्ण ऐकू आलेला असतो, म्हणून पाचव्यांदा अर्ध्यात तुटल्यावर कळतो.

तरीही बदललं कोण, हे दिसलेलं नाही, कारण चूक चिऊची होती. म्हणून शेवटच्या वीस सेकंदांत पुन्हा पाऊस आणा. चिऊ बाळाला अंघोळ घालते आहे. दारावर टकटक होते. खिडकीत बघते तर भिजलेली खारूताई. चिऊ ‘थांब’ म्हणत नाही. साबणाच्या फेसाने माखलेल्या बाळाला एका पंखाखाली घेते आणि दुसऱ्या पंखाने कडी काढते. फेसाचा एक बुडबुडा खारीच्या नाकावर बसतो, बाळ खिदळतं. पहिल्या भागात जे काम दार न उघडायचं कारण होतं, तेच काम अर्धवट टाकून ती दार उघडते. बोध इथे आहे, आणि एक शब्दही खर्च झालेला नाही.

आता वेळेचा हिशेब. चार मिनिटं म्हणजे २४० सेकंद. मी असे वाटे घालीन: ओळख २५, पाऊस नि काऊचं घर वाहून जाणं २५, दाराचा प्रसंग ७०, दार उघडल्यावर आत २५, उन्हाळा नि मेणाचं घर वाकणं ३०, काऊच्या दाराशी ३५, दुसरा पाऊस २०, नामावली १०. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एकूण ६००० फ्रेम होतात. हाताने काढायचं ठरवलं आणि एक चित्र दोन फ्रेम टिकवलं, तरी ३००० चित्रं लागतात. म्हणून लेखकाने ‘पक्ष्यांचा थवा आला’ असं एक वाक्य सहज लिहून जाऊ नये. ते वाक्य कुणाचे तरी आठ दिवस खातं. कटआउट पद्धतीने केलं तर पात्रांचे अवयव एकदाच काढून पुन्हा वापरता येतात, आणि ही गोष्ट त्या पद्धतीला फार सोयीची आहे: तीन मोठी पात्रं, एक बाळ, एक झाड, दोन घरं.

दाराच्या ७० सेकंदांवर सगळ्यात जास्त मेहनत घ्या. तोंडी गोष्टीत बाळाची कामं पाच-सहा होतात आणि मुलांना ती हवीच असतात. पडद्यावर चारच्या पुढे जाऊ नका, आणि प्रत्येक फेरी आधीच्यापेक्षा आखूड करा: २८ सेकंद, मग २०, मग १४, मग ८. सगळ्या फेऱ्या सारख्या लांबीच्या ठेवल्या तर तिसऱ्या फेरीला मुलं चुळबुळ करतात. आखूड होत गेल्या तर तीच मुलं हाक मारायला पुढे सरसावतात. शिवाय प्रत्येक फेरीत काहीतरी बदललं पाहिजे. आवाज खालावतो, पाणी चढतं, टकटक मंदावते.

चौकट एकच ठेवा. भिंत मधोमध उभी कापल्यासारखी दाखवा: डावीकडे बाहेर पाऊस आणि काऊ, उजवीकडे उबदार घर, चिऊ आणि बाळ. मुलाला दोघं एकाच वेळी दिसतात. त्यामुळे ‘तिकडे तो भिजतोय’ हे कुणाला सांगावं लागत नाही, आणि एकाच पार्श्वचित्रावर सगळा प्रसंग निघतो. बाहेर निळा-करडा रंग, आत पिवळा. हा प्रसंग मी असा लिहीन:

प्रसंग ३. चिऊचं दार. रात्र, पाऊस.

चित्र: भिंतीच्या डावीकडे काऊ, पिसं अंगाला चिकटलेली. उजवीकडे परातीत बाळ, चिऊ त्याच्या डोक्यावर पाणी ओतते आहे.
आवाज: पाऊस. तीन ठसठशीत टकटक.
काऊ: चिऊताई चिऊताई, दार उघड!
चिऊ (मान न वळवता): थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे.
चित्र: काऊ मान डोलावतो, पंख डोक्यावर धरतो. बाळ परातीत पाणी उडवतं. काऊच्या पायाशी पाणी नखांपर्यंत.

आवाज: तीन टकटक, थोड्या हळू.
काऊ: चिऊताई चिऊताई, दार उघड.
चिऊ: थांब, माझ्या बाळाचं अंग पुसू दे.
चित्र: पंचात गुंडाळलेलं बाळ दाराकडे बघतं. पाणी काऊच्या घोट्यापर्यंत.

आवाज: दोन टकटक.
काऊ: चिऊताई… दार उघड.
चिऊ: थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे.
चित्र: तीट लावताना बाळ मान वळवतं, दाराकडे बोट करतं. तीट गालावर फराटते.

आवाज: एकच टकटक. पाठोपाठ शिंक.
काऊ: चिऊताई…
चिऊ: थांब, माझ्या बा…
चित्र: बाळ पाळण्यात झोपलेलं. चिऊचे दोन्ही पंख मोकळे. ती त्यांच्याकडे बघते. दारात टकटक नाही. ती खिडकीशी धावते, बाहेर बघते, कडी काढते.

यातल्या दोन जागा मुद्दाम दाखवतो. पहिली तीन कामं खरी आहेत. चिऊ दुष्ट नाही, गुंतलेली आहे, आणि हे दिसलं पाहिजे. तिला नटवी किंवा खडूस केलीत तर मुलं म्हणतील, ‘मी काही अशी नाही’, आणि बोध त्यांच्या अंगाला लागणारच नाही. घरात ‘थांब, काम आहे’ हे वाक्य त्यांनी रोज ऐकलेलं असतं आणि स्वतःही वापरलेलं असतं. दुसरी जागा म्हणजे चौथी फेरी. तिथे काम उरलेलंच नाही, पण तोंडातून ‘थांब’ सवयीने निघतो. चूक कामात नव्हती, सवयीत होती, हे तिच्या रिकाम्या पंखांवरून कळतं.

दार उघडल्यावरच्या २५ सेकंदांत माफीची वाक्यं घालू नका. चिऊ काऊला चुलीजवळ बसवते, पंचा देते, काऊ शिंकतो, बाळ जागं होऊन त्याच्या ओल्या पंखाला बिलगतं. चूल हवीच, कारण जुन्या गोष्टीतली ऊब आपण तिथे ठेवतो आहोत, फक्त चटका काढून टाकतो आहोत. उन्हाळ्याच्या प्रसंगात मेण ठिबकताना दाखवू नका. गरम थेंब बाळावर पडतील की काय, या काळजीत मुलांना पुढचं दिसत नाही. घर वाकू द्या: खिडकी पापणीसारखी मिटते, छत खाली येतं, चिऊ बाळाला घेऊन बाहेर पडते.

चित्राच्या ओळी लिहिताना नियम एकच: दिसेल किंवा ऐकू येईल तेवढंच लिहा. ‘काऊला वाईट वाटतं’ हे चित्रकाराला काढता येत नाही. ‘काऊ पंख अंगाभोवती आवळतो, चोच छातीशी’ हे येतं. पक्ष्याच्या चेहऱ्यावर भाव दाखवायला फार जागा नसते. डोळे, पिसं, मानेचा कोन आणि चोच एवढंच भांडवल, ते धरून लिहा.

संवाद जेवढे कमी तेवढं चांगलं. लहान मुलांसाठी बोलताना सेकंदाला दोन शब्दांपेक्षा जास्त वेग ठेवू नये, आणि निम्मा वेळ तरी शांत हवा. म्हणजे निवेदन धरून एकूण दोनशेच्या आसपास शब्द. निवेदकाला सुरुवातीच्या दोन ओळी द्या, ‘एक होता काऊ, एक होती चिऊ. काऊचं घर होतं शेणाचं, चिऊचं घर होतं मेणाचं,’ आणि मग त्याला गप्प बसवा. जे चित्रात दिसतंय तेच निवेदकाने सांगितलं की मुलं बघणं सोडून ऐकायला लागतात. ‘तीट’ आजच्या काही मुलांना माहीत नसेल, तरी शब्द बदलू नका. चित्रात चिऊ ती लावतेच आहे, तेवढ्यात कळतं. हाकेचे शब्द मात्र दर वेळी तेच ठेवा. लेखकाला त्यात कंटाळा वाटतो आणि तो वैविध्य आणायला जातो, पण मुलांनी ज्या ओळीत सूर मिसळायचा ती ओळ बदलून कशी चालेल?

पटकथा झाली की लगेच चित्रं काढायला बसू नका. पेन्सिलीची कच्ची रेखाटनं करा, फोनवर फोटो काढा, आपल्याच आवाजात संवाद रेकॉर्ड करा आणि खऱ्या वेळेनुसार एकापुढे एक लावा. हे ॲनिमॅटिक बालवाडीतल्या सात-आठ मुलांना दाखवा, आधी आवाज बंद करून. नंतर ‘काय शिकलात?’ असं विचारू नका, कारण त्यावर ‘खोटं बोलू नये’, ‘मदत करावी’ अशी पाठ उत्तरं येतात. विचारा, ‘शेवटी चिऊने काय केलं?’ आणि ‘आधी काय केलं होतं?’

उत्तरांवरून कुठे दुरुस्ती हवी ते कळतं. ‘काऊचं घर घाण होतं’ असं आलं, तर घर वाहून जायचा प्रसंग फार लांबला आहे, किंवा ओळखीच्या भागात काऊचं घर नीटनेटकं दिसलं नाही. तिथे त्याने अंगण सारवलेलं, दाराशी रांगोळी काढलेली दाखवा. ‘चिऊ वाईट आहे’ असं आलं, तर बाळाची कामं पुरेशी खरी वाटली नाहीत. काऊच्या ‘थां…’वर कुणी हसलं नाही किंवा श्वास रोखला नाही, तर तो विराम एखाद्या सेकंदाने वाढवून बघा. आणि एखादं मूल म्हणालं, ‘बाळाला साबण होता तरी तिने दार उघडलं’, तर पटकथेला पुन्हा हात लावू नका.

मग पक्के आवाज रेकॉर्ड करा, आणि ते चित्रांच्या आधी करा, नंतर डबिंग म्हणून नको. शिंक कितव्या फ्रेमला येते आणि ‘थां…’ कुठे तुटतो, हे चित्रकाराला आवाजावरूनच कळणार आहे. बाळाचं खिदळणं शक्य असेल तर खऱ्या मुलाचं घ्या. त्याला कागदावरचं वाचून हसायला सांगू नका, कुणालातरी समोर साबणाचे बुडबुडे फुंकायला बसवा.